खराट्याच्या काड्या आणि पहिलीच्या पालकांची सभा

*आदरणीय ताई, सोलापूरच्या पूर्व भागातील एका खासगी मराठी प्राथमिक शाळेत मी यंदा मुख्याध्यापिका झाले आहे. आमच्याकडे बालवाडी ते दुसरी कृती आणि खेळातून शिकवतात. जूनमध्ये नव्या पालकांचे स्वागत करून हे असे का, ते मला अर्ध्या तासात सांगायचे आहे. गेल्या वर्षी 'वहीत काहीच नाही, पोरं नुसती खेळतात' म्हणून काही पालकांनी मुले काढून घेतली. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. भाषणाचा मसुदा सोबत जोडला आहे. यात काय बदलू? — एक मुख्याध्यापिका, सोलापूर*

सप्रेम नमस्कार.

आपला मसुदा मी दोनदा वाचला. त्यात 'सर्वांगीण विकास' हे शब्द सात वेळा आले आहेत आणि काडी, मणी, चिंचोका किंवा खडू यांपैकी एकही वस्तू एकदाही आलेली नाही. फ्रोबेल, माँटेसरी, गिजुभाई आणि ताराबाई मोडक अशी चार नावे पहिल्याच परिच्छेदात आहेत. ती माणसे थोर आहेत, आणि ताराबाईंनी बोर्डीला व पुढे कोसबाडला उभे केलेले काम आपण सगळ्याच बालवाडीवाल्यांच्या पाठीशी आहे. परंतु मागावरून, दुकानावरून किंवा विड्यांचे सूप बाजूला सारून घाईने आलेल्या पालकाच्या मनात त्या वेळी एकच प्रश्न असतो, की माझ्या मुलाला लिहिता-वाचता आणि हिशेब करता कधी येईल व तुम्ही ते कसे आणणार आहात. त्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात कुठेच नाही.

हे मी चढ्या आवाजात सांगत नाही, कारण मी स्वतः नेमके हेच करून बसले होते. मुख्याध्यापिका म्हणून माझी पहिली पालकसभा झाली तेव्हा मी बालमानसशास्त्रावर चाळीस मिनिटे बोलले. शेवटी मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, सगळं पटलं. पण पोरीला शंभरपर्यंत कधी येणार, तेवढं सांगा." मी पुन्हा दहा मिनिटे बोलले, आणि त्यात शंभर हा आकडा एकदाही आला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. त्या गृहस्थांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की कृती आणि खेळ यांचे सगळे समर्थन करायला जाऊच नका. एकच धडा निवडा, तो पालकांच्या हातात द्या, आणि त्या एका धड्यात खेळ कुठे सुरू होतो, वही कुठे येते आणि खेळ कुठे संपतो, हे त्यांना पाहू द्या. तो धडा माझ्या मते दोन अंकी संख्यांचा असावा. अक्षरओळखीचा धडा मी मुद्दाम सुचवत नाही, कारण त्यात कोणाचे काय चुकले हे पालकांना चटकन दिसत नाही. पंचवीस सांगितले आणि मुलाने ५२ लिहिले, हे मात्र निरक्षर आजीलाही शेजारीण सांगू शकते. शिवाय सोलापुरात, आणि त्यातही आपल्या पूर्व भागात, या धड्याला एक खास कारण आहे.

मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा तोंडातून आधी पाच येतात आणि मग वीस. कागदावर मात्र आधी २ लिहायचे आणि मग ५. म्हणजे कान एक क्रम सांगतो आणि हाताला दुसरा पाळावा लागतो. हाताने कानाचे ऐकले की ५२ होतात. त्यात मुलाचे लक्ष नाही असे नसून उलट त्याने फार नीट ऐकलेले असते. त्यावर आणखी एक गाठ एकोणतीसची. तिथे वीसही ऐकू येत नाही आणि नऊही नाही, ऐकू येतो तो तीस, म्हणून पहिलीच्या वहीत एकोणतीसच्या जागी ३९ पुष्कळदा सापडतात. आता हीच संख्या तेलुगूत घ्या. पंचवीस म्हणजे इरवै ऐदु, वीस आणि पाच, अगदी लिहिण्याच्या क्रमाने. एकोणतीस म्हणजे इरवै तोम्मिदि, वीस आणि नऊ. कन्नडमध्येही इप्पत्तैदु, तोच क्रम. म्हणजे आपल्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुलांनी घरी संख्या सरळ ऐकलेली असते, शाळेत आल्यावर ती उलटी होते, आणि कागदावर लिहिताना ती पुन्हा सरळ करायची असते. हे त्यांना तोंडी समजावून सांगता येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला 'दशकस्थान' हा शब्द सांगणे म्हणजे एका कोड्याचे उत्तर दुसऱ्या कोड्यात देणे होय. त्याच्या हातात वीस आणि पाच या दोन निरनिराळ्या वस्तू म्हणून द्याव्या लागतात, आणि त्यासाठीच काड्या.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन दिले होते आणि त्यावरून महाराष्ट्रभर किती गदारोळ झाला, हे आपल्याला आठवत असेल. सभेत कोणीतरी तो विषय काढेलच. त्यात अडकू नका. शाळेत पंचवीस हेच नाव शिकवले जाईल आणि ते समजावे म्हणून 'वीस आणि पाच' हेही म्हटले जाईल, एवढे सांगून पुढे जा.

सभेची तयारी अगदी थोडी आहे. एक नवा खराटा विकत आणा, त्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून घ्या, टोके घासून बोथट करा आणि रबरबँडची एक पुडी घ्या. पाच-सहा पालकांचा एक गट धरून प्रत्येक गटापुढे सदतीस काड्यांचा ढीग ठेवा, पण किती आहेत ते सांगू नका. त्याशिवाय जाड कागदाची कार्डे करा. १० ते ९० ही दशकांची कार्डे रुंद असावीत आणि १ ते ९ ही एककांची कार्डे बरोबर त्यांच्या निम्म्या रुंदीची, म्हणजे ७ चे कार्ड ३० च्या शून्यावर ठेवले की शून्य पूर्ण झाकले जाऊन ३७ दिसतील. कार्डे अर्ध्या सेंटिमीटरने जरी कमी-जास्त झाली तरी शून्याची कड बाहेर डोकावते आणि सगळी गंमत जाते, तेव्हा ती स्वतः मोजून कापा.

आता भाषण. शब्द आपलेच असू द्या. पण ओघ कसा असावा ते कळावे म्हणून मी ते साधारण कसे बोलले असते, ते लिहून देते.

"नमस्कार. आपण आपले मूल आमच्याकडे सोपवलेत, त्याबद्दल आधी आभार मानते. काही दिवसांनी तुम्ही त्याचे दप्तर उघडाल आणि वही कोरी दिसेल. त्या दिवशी तुम्हाला काळजी वाटणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून वही कोरी असताना वर्गात काय चाललेले असते, ते आज तुम्हीच करून बघा. तुमच्या पुढ्यात काड्या आहेत. एका मिनिटात मोजा आणि आकडा सांगा."

इथे थांबा. निदान एका गटाचा आकडा छत्तीस किंवा अडतीस येईल, हशा पिकेल, आणि कोणीतरी आपण होऊन दहा-दहाचे ढीग करू लागेल. त्या व्यक्तीकडे बोट दाखवा.

"या ताईंनी आत्ता जे केले, तेच आमच्याकडे पहिलीचे मूल करते. दहा काड्या मोजायच्या, रबरबँड लावायचा, झाला गठ्ठा. तुम्हीही बांधा. तीन गठ्ठे झाले आणि सात काड्या सुट्ट्या उरल्या. आता हे तीसचे कार्ड तीन गठ्ठ्यांखाली ठेवा, सातचे कार्ड सुट्ट्यांखाली ठेवा. आता सातचे कार्ड उचलून तीसच्या शून्यावर ठेवा. काय दिसते? सदतीस. यातला तीन हा तीन नव्हे, तीन गठ्ठे आहे, हे तुम्हाला सांगावे लागले नाही. मुलालाही सांगावे लागत नाही. बांधणारा हात त्याचाच असतो."

त्यानंतर तेलुगू बोलणाऱ्या एखाद्या आईला उभे करा आणि इरवै ऐदु, इरवै आरु, इरवै एडु असे सावकाश म्हणायला सांगा. मराठी पालकांना ते तिच्यामागे म्हणायला लावा. चौथ्या-पाचव्या संख्येला त्यांना रीत सापडते आणि ते आपापले पुढचे जुळवू लागतात. मग त्याच आईला मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणायला सांगा आणि विचारा, की यात नऊ कुठे ऐकू आले? आपल्या मुलाची अडचण ही बुद्धीची नसून भाषेची आहे, हे तिला त्या क्षणी कळते. आणि जिची भाषा शाळेत एरवी अडचण म्हणून गणली जाते, तिच्याच भाषेत संख्या अधिक सरळ आहे, हे बाकीच्यांनाही ऐकायला मिळते. हा भाग मराठीतूनच बोलून संपवू नका. आपल्या एखाद्या तेलुगू जाणणाऱ्या सहकारी बाईंकडून याचे सार दोन मिनिटांत तेलुगूतून सांगून घ्या.

पुढचा भाग वजाबाकीचा, आणि तो टाळू नका, कारण खेळाचा उपयोग काय या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. फळ्यावर ३२ आणि त्याखाली १७ लिहा. वही लवकर भरून ज्यांना गणिते शिकवली, अशा पुष्कळ मुलांचे उत्तर २५ येते. कसे येते तेही दाखवा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करते, पाच लिहिते. तीनातून एक गेला, दोन लिहिते. वही भरते, अक्षर सुरेख असते, रकाने सरळ असतात. उत्तर मात्र चूक असते, आणि ते चूक आहे असे सांगणारे मुलाजवळ काहीही नसते. आता काड्यांवर या. तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या आहेत, त्यांतून समोरच्याला सतरा द्यायच्या आहेत. एक गठ्ठा तर दिला. उरलेल्या सात द्यायच्या तर सुट्ट्या दोनच आहेत. मूल क्षणभर अडते, गठ्ठ्याकडे बघते आणि रबरबँड काढते. सुट्ट्या बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या, आणि एक गठ्ठा अजून बांधलेलाच आहे. उत्तर पंधरा. आपण ज्याला 'दहा उसने घेणे' म्हणतो ते हेच. उसने कोणाकडून घेतले आणि परत कधी द्यायचे, असे मला एका मुलाने विचारले होते; तेव्हापासून मी वर्गात 'उसने' म्हणणे सोडले आणि 'गठ्ठा सोडणे' म्हणू लागले. पालकांना हे काड्यांपेक्षाही पैशांत लवकर कळते. दहाच्या तीन नोटा आणि दोन रुपये सुट्टे असताना सतरा रुपये द्यायचे असतील, तर दहाची एक नोट मोडावीच लागते. रोज बाजार करणाऱ्या बाईने हे हजारदा केलेले असते. तिला तसे सांगितले, की शाळेतले गणित तिच्या ओळखीचे होते.

इथवर आल्यावर वहीबद्दल बोला, आणि मोघम बोलू नका. क्रम असा सांगा, की पहिले काही आठवडे मूल काड्या बांधते आणि सोडते. मग त्याच काड्यांचे चित्र काढते, गठ्ठ्यासाठी एक उभी रेघ आणि सुट्ट्या काडीसाठी एक टिंब. आणि हे चित्र हातात बसले की त्याच्या शेजारी अंक लिहिते. वही येते ती चित्रापाशी. कोणत्या आठवड्यात येणार, ते आपल्या पहिलीच्या बाईंना विचारून तारखेसह सांगा. माझ्या अनुभवात दोन अंकी संख्यांचे लेखन दिवाळीच्या सुट्टीआधी नेमाने सुरू झालेले असावे. आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने द्या. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात पहिली संपेपर्यंत ९९ पर्यंत, दुसरी संपेपर्यंत ९९९ पर्यंत आणि तिसरी संपेपर्यंत ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे आणि लिहिणे अपेक्षित आहे. आपल्या शाळेचे उद्दिष्टही तेच असले, तर ते आकड्यांत सांगायला संकोच कशाचा?

आता एक गोष्ट अशी, जी कृतीवर श्रद्धा असलेल्या लोकांना ऐकायला आवडत नाही. मराठीत एक ते शंभर ही नावे पाठच करावी लागतात. काड्या कितीही बांधल्या तरी त्यांतून 'त्रेसष्ट' किंवा 'सत्त्याहत्तर' हे शब्द आपोआप निघत नाहीत. ते कोणीतरी म्हणून दाखवायचे आणि मुलांनी रोज म्हणायचे असतात. तेव्हा उजळणी आपल्याकडे आहे, रोज आहे आणि मोठ्याने आहे, हे सभेत सांगा. नसेल, तर सभेआधी सुरू करा. आजोबांना पावकी-निमकी आठवते आणि त्यांना वाटते, की हल्लीच्या शाळांनी सगळे पाठांतर बुडवले; उजळणीचे नाव ऐकले, की त्यांचा निम्मा विरोध मावळतो. पाढ्यांचेही तसेच. तीन काड्यांच्या चार जुड्या मांडून बारा का होतात ते समजणे वेगळे आणि 'तीन चोक बारा' ओठांवर असणे वेगळे, आणि मुलाला दोन्ही लागतात.

पालकांना घरी करण्याजोगे काही द्यायचे असेल तर अभ्यासपुस्तिका देऊ नका, ही एक तपासणी द्या. वाटीत भाजलेल्या शेंगा घ्या, मुलाकडून तेवीस मोजून घ्या आणि कागदावर २३ लिहायला सांगा. मग त्यातल्या ३ वर बोट ठेवून विचारा, की हे म्हणजे कोणत्या शेंगा, वेगळ्या काढून दाखव. तीन काढेल. आता २ वर बोट ठेवून तेच विचारा. पहिली-दुसरीतली पुष्कळ मुले इथे दोनच शेंगा काढतात, आणि उरलेल्या अठरा शेंगांचे काय, असे विचारले तर गोंधळून आईकडे बघतात. ते मूल २३ लिहिते, वाचते, परीक्षेत गुण मिळवते, पण त्या दोनाचा अर्थ वीस आहे हे त्याला अजून उमगलेले नसते. पहिलीच्या सुरुवातीला असे होणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा रागावायचे नाही, उत्तर सांगायचे नाही, शेंगा खाऊन टाकायच्या. पुन्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत विचारायचे. एप्रिलमध्ये मूल वीस शेंगा वेगळ्या काढू लागले, तर शाळेने काम केले. ही तपासणी पालकांच्या हाती देणे म्हणजे त्यांना आपली परीक्षा घेण्याची मुभा देणे आहे. त्यामुळेच त्यांचा विश्वास बसतो.

परंतु ती मुभा देण्याआधी आपण स्वतः वर्गात जाऊन बसा, कारण जे भाषणात सांगणार ते वर्गात चालले नसेल तर सभा न घेतलेली बरी. मी शाळा पाहायला जात असे तेव्हा मला तीन बिघाड नेहमी दिसत. एक म्हणजे गठ्ठे आधीच बांधून ठेवलेले असत. बाई नीटनेटक्या, वेळ वाचावा म्हणून सुट्टीत दहा-दहाचे गठ्ठे करून डब्यात ठेवत, आणि त्यात धड्याचा जीवच जाई, कारण दहा सुट्ट्यांचा एक होतो आणि त्या एकात दहा असतातच, हे बांधताना आणि सोडतानाच कळते. दुसरा बिघाड असा, की चाळीस मुलांत काड्यांचा एकच संच असे आणि बाई टेबलावर करून दाखवत, मुले बघत. ते भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा फार निराळे नाही. दोन मुलांत एक संच हवा, आणि खराट्याच्या किमतीत तो सहज होतो. तिसरा बिघाड ओळखायला अवघड, कारण तो वरून फार छान दिसतो. काड्या रंगवलेल्या असतात, मुले गुंगलेली असतात, लाल-हिरव्या काड्यांची घरे आणि फुले होत असतात, आणि संख्येबद्दल कोणी एक शब्द बोलत नसते. तो खेळ चांगला आहे, मधल्या सुट्टीत अवश्य खेळू द्यावा, पण तो गणिताचा तास नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: कोणत्याही मुलाजवळ बसून हळूच विचारा, "हे काय करतोयस?" तो संख्येचे नाव घेऊन काही सांगू लागला तर ठीक. "काड्या लावतोय" एवढेच म्हणाला, तर तासानंतर बाईंशी बोला. सर्वांसमोर नको.

आणि काड्या कधी सुटायच्या, हेही ठरलेले असू द्या. दुसरी संपताना ३२ मधून १७ वजा करायला मुलाने काड्या मागता कामा नयेत. चित्र किंवा नुसते अंक पुरेसे व्हायला हवेत. तिसरीत गेलेले मूल आठ आणि पाच मिळवायलाही डब्याकडे धावत असेल, तर त्याच्या बाबतीत कृती पायरी न राहता कुबडी झाली आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ द्यावा लागेल. पालकसभेत एवढे बारकाईने सांगण्याची गरज नाही. 'दुसरीनंतर काड्या नाहीत' हे एक वाक्य मात्र जरूर सांगा. 'मोठेपणीही काड्याच मोजणार का' हा प्रश्न कित्येकांच्या ओठांवर असतो.

मसुद्यातल्या धोरणाच्या पानाबद्दल थोडेसेच सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ व कृतींवर भर आहे, हे खरे. त्याच्याही आधी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा उल्लेख आला आहे. पूर्ण पान काढून टाका आणि 'आम्ही आमच्या मनाने काही करत नाही, कायदाही हेच सांगतो' एवढेच म्हणा. कलमांची यादी वाचली, की लोक घड्याळ बघू लागतात.

मसुद्याच्या शेवटी मागाची उपमा आहे. 'आपण सारे विणकर, आपणही पुस्तक वाचून नव्हे तर हाताने विणूनच शिकलात' असे आपण लिहिले आहे. ती उपमा कृपया काढा. ऐकायला गोड आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात आदरच आहे. परंतु दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहिलेला बाप आपल्या मुलाला शाळेत घालतो, तो बहुधा त्याला मागावर उभे राहावे लागू नये म्हणूनच. त्याला 'तुमच्यासारखेच शिकवणार' असे सांगणे म्हणजे त्याचे स्वप्न त्याच्याच तोंडावर मागे घेणे होय. त्याच्या कामाचा उल्लेख करायचा तर हिशेबाच्या अंगाने करा. डझन-डझन टॉवेलांचे गठ्ठे मोजून देताना तो जे करतो, तेच मूल दहा-दहाच्या गठ्ठ्यांत करणार आहे. विड्यांचे कट्टे बांधणाऱ्या आईलाही हे उदाहरण आपलेसे वाटेल.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी जवळच्या इंग्रजी शाळेचे नाव घेईल आणि तिथल्या मोठ्या गटातली मुले शंभरपर्यंत लिहितात, असे सांगेल. त्या शाळेला नावे ठेवू नका. शंभरपर्यंत ओळीने लिहिणे आणि तेवीसमधला दोन म्हणजे वीस हे कळणे यांतला फरक पालकांनी नुकताच काड्यांवर पाहिलेला असतो. 'घरी गेल्यावर शेंगांची तपासणी शेजारच्या मुलालाही करून बघा' एवढेच हसून म्हणा. मूल हसतखेळत हुशार होईल, गृहपाठ कधीच नसेल, रडणार नाही, असली आश्वासने मात्र देऊ नका. पहिल्या आठवड्यात मुले रडतात. गृहपाठ नाही म्हटले आणि दुसरीत उजळणी घरी करून आणायला सांगितली, की तुमचाच शब्द तुमच्यावर उलटतो.

वेळेचे गणित असे बसवा, की आपले बोलणे दहा-बारा मिनिटे, काड्या आणि तेलुगू-मराठीचा भाग पंधरा मिनिटे, आणि उरलेला वेळ प्रश्नांना. सभा शक्यतो संध्याकाळी घ्या, कारण जूनच्या मध्यात पाऊस लांबला तर आपल्याकडे दुपारी पत्र्याच्या वर्गात कोणी दहा मिनिटेही बसत नाही. निघताना प्रत्येक पालकाला दहा काड्या आणि एक रबरबँड देऊन पाठवा. खराटे मात्र एकाऐवजी तीन-चार आणावे लागतील, आणि काड्या तोडायला आदल्या दिवशी चौथीची मुले घ्या, ती फार आवडीने तोडतात.

आपली,
ताई